जपानी मासिकातल्या ग्राफपासून काकूंच्या सुईवार कागदापर्यंत

माझी भाची ओसाकाला असते. तिथल्या एका विणकामाच्या मासिकात तिला जाळीदार स्टोल आवडला आणि तिने त्या पानाचा फोटो मला पाठवला. मी तो नाशिकच्या काकूंना पाठवला, कारण असं काम आमच्याकडे त्यांच्याइतकं सफाईदार कुणी करत नाही. काकूंचा लगेच फोन आला. "डिझाइन सुरेख आहे गं, पण त्या चौकोनांतलं मला काही कळत नाही. पहिली सुई, दुसरी सुई असं लिहून दे, मग बघ कशी करते."

काकू पन्नास वर्षं विणतायत, पण सगळं सुईवार वाचून. ग्राफ त्यांनी कधी वापरलाच नाही. तेव्हा हा ग्राफ शब्दांत उतरवायचं काम मी घेतलं. ते कसं केलं आणि कुठे कुठे थांबून बघावं लागलं, ते इथे सविस्तर लिहिते, कारण फोटोतल्या ग्राफवरून विणणाऱ्या बहुतेकींची अडचण त्याच दोन-तीन जागी होते.

पहिला प्रश्न फोटोचाच होता. ग्राफ डाव्या पानावर होता आणि त्याची उजवी कड मासिकाच्या मधल्या घडीत गेली होती. तिथले चौकोन आक्रसलेले दिसत होते आणि सुयांचे आकडे पूर्ण झाकले गेले होते. जपानी ग्राफमध्ये हे आकडे बहुधा उजव्या कडेलाच असतात, आणि वाचायला सुरुवातही खालच्या उजव्या कोपऱ्यातूनच होते. म्हणजे जे सगळ्यांत आधी लागणार तेच दिसत नव्हतं. भाचीला सांगितलं, पान खिडकीजवळ सपाट ठेव, घडीवर तळहाताने दाब, फोन पानाच्या बरोबर वर आडवा धर आणि तीन वेगळे फोटो काढ: एक ग्राफचा, एक खुणांच्या यादीचा आणि एक मापांच्या आकृतीचा. खुणांची यादी पुष्कळदा पानाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात असते, आणि नुसत्या ग्राफचा फोटो काढला की ती राहून जाते.

नवे फोटो आल्यावर फोनमध्येच तिरकेपणा काढला, रंग घालवून काळापांढरा केला आणि गडदपणा वाढवला. त्याने चौकोनांच्या फिक्या रेघा वर आल्या. मग ए-फोर कागदावर मोठं करून छापून घेतलं. तरीही मी त्या छापावरून थेट लिहायला बसले नाही. गणिताच्या चौकटीच्या वहीत तो ग्राफ पेन्सिलने पुन्हा काढला, एका चौकोनात एक खूण. याला तासभर लागतो, पण हाताने काढताना प्रत्येक चौकोनावर नजर थांबते, आणि ओळीत एखादा चौकोन कमी-जास्त झाला तर वहीत लगेच कळतं.

ग्राफ २७ चौकोन रुंद आणि २० ओळी उंच होता. त्याच्या खाली एक कंस होता आणि कंसात १० हा आकडा. म्हणजे नक्षी दर १० टाक्यांनी परत येते. उजवीकडून मोजलं तर पहिले ३ चौकोन काठाचे, मग १ सुटा टाका, मग १० चा गट दोनदा, आणि शेवटी परत ३ काठाचे. बेरीज २७. उभ्या बाजूलाही असाच कंस होता: पाचव्या ओळीपासून बाराव्या ओळीपर्यंत, ८ ओळींचा.

हे कंस अंधुक फोटो वाचायला फार उपयोगी पडतात. घडीजवळच्या एका चौकोनात गोल आहे की रिकामा चौकोन आहे हे कळत नव्हतं. मग मी त्याच ओळीत १० चौकोन डावीकडे पाहिलं, आणि त्याच उभ्या रांगेत ८ ओळी वर पाहिलं. दोन्हीकडे गोल होता, म्हणजे इथेही गोलच. नक्षी परत येते म्हणजे तीच माहिती ग्राफमध्ये दोन-तीन ठिकाणी छापलेली असते. फोटोत एक जागा गेली तर दुसरी असते.

आता खुणा. जपानमध्ये विणकामाच्या खुणा प्रमाणित आहेत, त्यामुळे मासिक कुठलंही असलं तरी खुणा सारख्याच. उभी रेघ म्हणजे सुलट, आडवी रेघ म्हणजे उलट, गोल म्हणजे लोकर पुढे घेऊन वाढवलेला टाका. फक्त रिकाम्या चौकोनाचा अर्थ दर ग्राफला बदलू शकतो. खुणांच्या यादीत रिकामा चौकोन काढून त्याच्यापुढे तो कशाच्या जागी आहे ते दाखवलेलं असतं. कधी तो सुलट असतो, कधी उलट. आमच्या यादीत रिकाम्या चौकोनापुढे उभी रेघ होती, म्हणजे रिकामा तो सुलट. यादीचा वेगळा फोटो मागितला तो यासाठीच.

या नक्षीत आणखी एक खूण होती, तीन पायांची, म्हणजे तीन टाक्यांचा एक करायचा. काकूंना "तिनाचा एक" एवढंच लिहून चाललं नसतं. तो तीन तऱ्हांनी करता येतो आणि तिन्हींचं रूप वेगळं दिसतं. तीन टाके एकदम सुलट विणले तर ते उजवीकडे झुकतात. पहिला न विणता घेऊन, पुढचे दोन एकत्र विणून, पहिला त्यांच्यावरून टाकला तर ते डावीकडे झुकतात. आणि पहिले दोन एकदम, जोडीने, सुलट विणताना जशी सुई घालतो तशी घालून नुसते उजव्या सुईवर घेतले, तिसरा सुलट विणला आणि ती जोडी त्याच्यावरून ओढून टाकली, तर मधला टाका वर राहतो आणि सरळ उभा दिसतो.

जपानी खुणेत उत्तर चित्रातच असतं: जी रेघ लांब, वरपर्यंत गेलेली, तो टाका पुढून दिसणार, आखूड रेघांचे टाके त्याच्या मागे लपणार. छाप मोठा करून पाहिला तेव्हा मधली उभी रेघ चौकोनाच्या वरपर्यंत गेलेली होती आणि बाजूच्या दोन तिला येऊन मिळत होत्या. म्हणजे तिसरी तऱ्हा. स्टोलच्या फोटोतही नक्षीच्या मधोमध उभी रेघ स्पष्ट दिसत होती, त्यामुळे खात्री झाली.

खरी काळजी घ्यावी लागली ती मागच्या बाजूच्या सुयांना. ग्राफ हे कापडाच्या दर्शनी बाजूचं चित्र असतं, सगळ्या ओळींचं. पण सपाट विणताना आपण एक सुई दर्शनी बाजूने करतो आणि काम फिरवून पुढची सुई मागच्या बाजूने. मागून उलट विणलेला टाका पुढून सुलट दिसतो, आणि मागून सुलट विणलेला पुढून उलट. म्हणून दर्शनी सुई ग्राफमध्ये उजवीकडून डावीकडे, जशी आहे तशी वाचायची. मागची सुई डावीकडून उजवीकडे वाचायची आणि शब्दांत लिहिताना सुलटचं उलट, उलटचं सुलट करायचं. ग्राफवरून विणणारी बाई हे मनात करते. सुईवार वाचणारीच्या कागदावर मात्र ते आधीच झालेलं असलं पाहिजे, नाहीतर ती लिहिलंय तसंच विणणार.

काठावर हे अगदी छान दिसतं. काठाच्या तीन चौकोनांत एका ओळीला रिकामे चौकोन होते आणि पुढच्या ओळीला आडव्या रेघा, परत रिकामे, परत रेघा. ग्राफ वाचताना वाटतं की एक सुई सुलट आणि एक उलट. रेघांच्या ओळी मागच्या बाजूच्या असल्यामुळे त्या शब्दांत सुलट होतात. म्हणजे काठ दोन्ही बाजूंनी नेहमी सुलटच. काकूंच्या भाषेत, "काठाचे तीन कायम सुलट." ग्राफच्या वीस ओळींतली तेवढी गुंतागुंत चार शब्दांत संपली.

आणखी एक गोष्ट जपानी ग्राफ वाचताना ठाऊक असायला हवी. तिथे साधारणपणे सुईवर घातलेले टाके हीच पहिली ओळ धरतात. आपण टाके घालतो, ते मोजत नाही आणि त्यानंतर विणतो ती पहिली सुई म्हणतो. इथे ग्राफची दुसरी आणि चौथी ओळ पूर्ण रेघांची होती आणि पहिली व तिसरी रिकामी. रिकामी पहिली ओळ म्हणजे घातलेले टाके. त्यानंतर प्रत्यक्ष विणायची पहिली सुई ही ग्राफची दुसरी ओळ, आणि ती मागच्या बाजूची. आपल्या सवयीने मोजलं तर खालच्या पट्टीत एक सुई जास्त होते आणि जाळी नको त्या बाजूला येते. म्हणून मी काकूंच्या कागदावर आकडे ग्राफचेच ठेवले, पण पहिल्या सुईपुढे "टाके घाला" असं लिहिलं.

मापाच्या आकृतीत टाक्यांना "मे" आणि ओळींना "दान" म्हणतात ती चिन्हं आकड्यांपुढे होती. रुंदीला ४७ टाके. हिशेब लागतो: ३ काठाचे, १ सुटा, १० चे ४ गट, ३ काठाचे. नमुन्याचं माप १० सें.मी.त २२ टाके आणि ३० ओळी असं दिलं होतं, म्हणजे ४७ टाक्यांची रुंदी साधारण २१ सें.मी. सुई ६ नंबरची. हा नंबर तसाच लिहिला असता तर फार जाड सुई आली असती. जपानी ६ नंबर म्हणजे ३.९ मि.मी. आणि जपानमध्ये नंबर वाढला की सुई जाड होते. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत उलटं आहे: नंबर वाढला की सुई बारीक. ३.९ च्या सर्वांत जवळची आपली सुई ८ नंबरची, ४ मि.मी.ची. काकूंसाठी ८ नंबर लिहिला आणि शेजारी मि.मी. पण लिहिले.

मग कागद तयार झाला. अक्षर मोठं, एका ओळीत एकच सुई. सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट, लो म्हणजे लोकर पुढे, आणि ३-१ म्हणजे वर सांगितलेला तिसऱ्या तऱ्हेचा तिनाचा एक, ज्याची कृती कागदाच्या डोक्यावर पूर्ण वाक्यांत लिहिली. फुल्यांमधलं चार वेळा करायचं.

१ : ४७ टाके घाला.

२, ३, ४ : सगळे सु.

५ (दर्शनी) : सु ३, सु १, * लो, सु ३, ३-१, सु ३, लो, सु १ *, सु ३.

६ (मागची) : सु ३, उ ४१, सु ३.

७ (दर्शनी) : सु ३, उ १, * सु १, लो, सु २, ३-१, सु २, लो, सु १, उ १ *, सु ३.

८ (मागची) : सु ३, सु १, * उ ९, सु १ *, सु ३.

९ (दर्शनी) : सु ३, उ १, * सु २, लो, सु १, ३-१, सु १, लो, सु २, उ १ *, सु ३.

१० (मागची) : आठव्यासारखी.

११ (दर्शनी) : सु ३, उ १, * सु ३, लो, ३-१, लो, सु ३, उ १ *, सु ३.

१२ (मागची) : सहाव्यासारखी.

पुढे ५ ते १२ परत परत.

नक्षी पाहिल्यावर काहींनी ओळखली असेल. ही शेटलंड बेटांवरची जुनी, घोड्याच्या नालेची जाळी आहे. जपानी मासिकाने ती आपल्या खुणांत मांडली होती. तिकडे पारंपरिक पद्धतीत तिनाचा एक दुसऱ्या तऱ्हेने करतात, पहिला टाका वरून टाकून. मासिकाने मधला टाका उभा ठेवला आहे, आणि मला तो जास्त नीटस वाटतो.

प्रत्येक दर्शनी सुई लिहून झाली की तिचा जमाखर्च पाहिला. फुल्यांमधल्या गटात किती टाके खर्च होतात आणि किती तयार होतात, ते दोन्ही १० यायला हवेत. पाचव्या सुईत खर्च: ३, मग तिनाच्या एकाला ३, मग ३, मग १, झाले १०. तयार: लो चा १, ३, १, ३, लो चा १, १, झाले १०. गटात दोन लो वाढवतात आणि एक ३-१ दोन टाके घटवतो. एखाद्या ओळीत गटाला एकच गोल सापडला, तर फोटोत दुसरा पुसला गेला आहे हे याच बेरजेवरून कळतं.

ही नक्षी उजवी-डावी सारखीच आहे, त्यामुळे ओळ उलट दिशेने वाचली तरी शब्द तेच येतात. म्हणून दिशेची चूक इथे कधी उघडी पडत नाही. तिरप्या वेलीची किंवा एका बाजूला झुकलेल्या पानाची जाळी असेल तर मात्र दिशा लिहिताना प्रत्येक ओळीपुढे बाण काढावा. सुलट-उलटची अदलाबदल मात्र या नक्षीतही लगेच दिसते, आणि ती कुठे पाहायची तेही ठरलेलं आहे: सुट्या टाक्याच्या रांगेत. सातव्या ते अकराव्या सुईपर्यंत तो टाका पुढून उलट दिसायला हवा, सलग पाच ओळी, आणि मग तीन ओळी सुलट. आठव्या आणि दहाव्या सुईत तो मागून सुलट विणला तरच ती पाच ओळींची खाच सलग पडते. तिथे उलट विणला गेला तर एक ओळ दाणा, एक ओळ सपाट असं होतं आणि खाच दिसतच नाही.

कागद काकूंकडे पाठवण्याआधी मी ग्राफ कपाटात ठेवला आणि फक्त शब्दांवरून नमुना विणला. २७ टाके, म्हणजे दोन गट, आणि सोळा ओळी नक्षीच्या. शब्दांत काही राहिलं असेल तर ते इथेच कळतं, कारण ग्राफ समोर असला की डोळा नकळत तिकडून भरून घेतो. नमुना पाण्यातून काढून, टाचण्या लावून ताणून वाळवला आणि मासिकाच्या फोटोशेजारी ठेवला. भोकं कशी सरकतात ते पाहिलं. पाचव्या सुईत ती सुट्या टाक्याला चिकटून दोन्ही बाजूंना असतात, सातव्यात एक टाका दूर, नवव्यात दोन, आणि अकराव्यात तिनाच्या एकाला अगदी लागून. त्या सरकण्यानेच नाल तयार होते. फोटोत आणि नमुन्यात ती एकाच उंचीवर मिटत होती. नमुना ग्राफपेक्षा बुटका दिसतो, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. ग्राफचे चौकोन सारख्या बाजूंचे असतात. विणलेला टाका मात्र उंचीपेक्षा रुंद असतो.

काकूंनी कागद पाहिला आणि पहिलीच सूचना केली. "आठव्या सुईला उ ९ लिहिलंस ना, तिथे खाली रेघ मार. मला मोजायला तेच पुरे." त्यांचं अगदी खरं होतं. सातव्या सुईत लोकर पुढे घ्यायची राहिली, तर आठव्या सुईला दोन सुलट टाक्यांच्या मधे ९ ऐवजी ८ च उरतात, आणि कुठल्या गटात राहिली तेही तिथेच समजतं. मग मागे न उसवता, मधल्या आडव्या धाग्यातून टाका उचलून घेता येतो. सहाव्या आणि बाराव्या सुईला मात्र उ ४१ सलग आहे, तिथे असा थांबा नाही. म्हणून काकूंनी त्या सुयांसाठी सुट्या टाक्यांच्या जागी वेगळ्या रंगाच्या लोकरीच्या गाठी सुईवर अडकवून ठेवल्या, पाच जागी पाच, आणि गाठींमधे ९ आले की नाही ते बघत गेल्या.

लांबीचा हिशेब त्यांनी स्वतःच केला. १० सें.मी.त ३० ओळी, तर ८ ओळींच्या एका नालेला पावणेतीन सें.मी.ला जरा कमी. दीड मीटरच्या स्टोलला ५६ नाली. शेवटी परत तीन सुया सुलट आणि टाके सैल बंद. टाके घट्ट बंद केले की ताणताना ती कड आत ओढली जाते आणि नालेचं टोक दबतं, म्हणून बंद करायला त्यांनी एक नंबर जाड सुई घेतली, आपल्याकडची ७ नंबर.

आता त्यांना तोच स्टोल लेकीसाठी जास्त रुंद करायचा आहे. त्यासाठी ग्राफ परत उघडायची गरज नाही. १० चे जितके गट हवेत तितके, अधिक १ सुटा, अधिक ६ काठाचे. सहा गटांना ६७ टाके. फुल्यांमधलं सहा वेळा, आणि सहाव्या व बाराव्या सुईत उ ४१ च्या जागी उ ६१. बाकी कागद तसाच.